तंतोतंत जुळणारं गोदाम: रात्री काय बघायचं

प्रश्न: मी एका धान्य व्यापार करणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात नुकताच लागलो आहे. आमच्या गोदामाची मोजणी दर वेळी एका कट्ट्याचाही फरक न पडता रजिस्टरशी जुळते. सीनियर म्हणतात, "एकदा रात्री जाऊन बघ." रात्री जाऊन नेमकं काय बघायचं, जे कागदावर दिसत नाही?

उत्तर:

एका कट्ट्याचाही फरक पडत नाही, हीच तुमच्यासाठी पहिली खूण आहे. सिमेंटच्या किंवा साबणाच्या गोदामात असं जुळणं मी समजू शकतो. धान्याचं तसं नसतं. ते सुकतं, त्यातली माती-काडी चाळणीत निघते, उंदीर थोडं खातात, हुक लागून कट्टा फाटतो आणि चार मुठी दाणे फरशीवर सांडतात. सहा महिने पडून असलेला, मध्ये चाळून पुन्हा भरलेला माल किलोला किलो जुळत असेल, तर कुणीतरी तो जुळवतो आहे. दिवसा तुम्हाला जुळवलेला माल दिसतो, जुळवायचं काम मात्र रात्री चालतं. तुमचे सीनियर रात्री पाठवतात ते यासाठी.

लातूर भागातल्या एका कामाचं उदाहरण देतो. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. सोयाबीनचा व्यापार, दोन गोदामं, मध्ये 14 किलोमीटरचं अंतर. एकाला 'मोठं' म्हणू, दुसऱ्याला 'धाकटं'. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हंगामात 50 किलोच्या हिशोबाने 11,000 कट्टे माल घेतलेला. भाव वाढायची वाट बघत तो तसाच ठेवला होता, मार्चपर्यंत रजिस्टरला एकही विक्री नव्हती. रजिस्टरप्रमाणे मोठ्यात 6,200 आणि धाकट्यात 4,800. याच साठ्याच्या पत्रकावर बँकेकडून कॅश क्रेडिट उचललेलं होतं.

मोजणीचा कार्यक्रम नेहमीसारखा ठरला होता: पहिल्या दिवशी मोठं गोदाम, दुसऱ्या दिवशी धाकटं. तारखा आठवडाभर आधी कळवलेल्या. माणसं कमी असल्यामुळे बहुतेक विभाग असंच करतात आणि गोदामवाल्यांनाही ते पाठ असतं.

पहिल्या दिवशी मोजणी 6,200 ला बरोबर जुळली. पण मोजताना दोन गोष्टी खटकल्या.

पहिली थप्प्यांच्या अंगाची. दोन-अडीच महिने एका जागी पडलेला कट्टा बसतो. खालचे थर वरच्या वजनाने चपटे होतात, कट्ट्यांमधल्या फटी बुजतात, वर बारीक पिवळसर धूळ चढते आणि कोपऱ्यात जाळी लागतात. मागच्या थप्प्या अशाच होत्या. शटरजवळच्या दोन थप्प्यांमधले कट्टे मात्र अजून गोलसर, फुगीर होते. हाताने दाबला की कट्टा हलत होता आणि धूळ नावालाही नव्हती. त्यांच्या थप्पीपाटीवर तारीख जानेवारीची आणि शाई मात्र कालची वाटावी इतकी काळीभोर. शिवाय या थप्प्या चालायच्या गल्लीत मारलेल्या होत्या. गोदामपालाला स्वतःच्या सोयीसाठी जी जागा मोकळी ठेवावी लागते, ती तो महिनोन्‌महिने अडवून ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट हमालांच्या मुकादमाची. मोजणी संपता संपता तो मुनिमाला सहज विचारून गेला, "मालक, राती जेवण हितंच करायचं का तिकडं गेल्यावर?" मुनिमाने त्याच्याकडे न बघताच "बघू नंतर" म्हणत विषय तोडला. दिवसभर ना आवक होती ना जावक, मग टोळीच्या रात्रीच्या जेवणाचा प्रश्न कुठून आला? मुकादमाला कुणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी ते एक साधं काम होतं.

मी मोजणी करताना एक गोष्ट नेहमी करतो. प्रत्येक थप्पीच्या दर्शनी आणि वरच्या थरातल्या काही कट्ट्यांवर, शिलाईच्या जरा खाली, मेणखडूने बारीक खूण ठेवतो. खूण दर वेळी वेगळी असते आणि ती फक्त माझ्या टिपणवहीत लिहिलेली असते. सगळ्या कट्ट्यांवर करायची गरज नाही. हलवायचा माल शटरच्या बाजूनेच उचलला जातो, त्यामुळे दर्शनी कट्टे आधी जातात. त्या दिवशी सैल थप्प्यांवर मी जरा हात सैल सोडूनच खुणा केल्या.

संध्याकाळी लॉजवर बसून एक हिशोब मांडला. समजा खरोखर माल कमी आहे आणि आज मोठं गोदाम भरून दाखवलं आहे. मग उद्या धाकटं भरून दाखवायला आज रात्री माल तिकडे न्यावा लागेल. किती नेता येईल? दहाचाकी गाडीत 16 टन धरला तर 320 कट्टे. दहा-बारा जणांच्या टोळीला एवढी भराई करायला तास-दीड तास, उतराईला साधारण तेवढाच, वाट अर्ध्या तासाची. दोन गाड्या आणि दोन्हीकडे टोळी असेल तर रात्रीत चार खेपा आरामात होतात, म्हणजे हजार-बाराशे कट्टे. शंका निव्वळ मनात ठेवण्यापेक्षा ती आकड्यात बसते का, हे आधी बघावं. बसत नसती तर मी झोपलो असतो.

विभागप्रमुखांना फोन करून सगळं सांगितलं आणि जायची परवानगी मेलवर मागून घेतली. माझा सहकारी धाकट्या गोदामाकडे गेला, मी कंपनीच्या लातूर कार्यालयातल्या एका हिशेबनिसाला सोबत घेऊन मोठ्याकडे. रात्री एकट्याने कधी जाऊ नका. भीती मारहाणीचीच असते असं नाही. तुम्ही एकटे असाल तर उद्या तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द समोरासमोर येतो आणि दोन्हींचं वजन सारखंच ठरतं.

साडेबाराच्या सुमाराला पोहोचलो. भिंतीवरून डोकावणं, झाडामागे लपणं असलं काही केलं नाही. फाटकावर जाऊन वॉचमनला ओळखपत्र दाखवलं आणि त्याच्या रजिस्टरमध्ये नाव, वेळ लिहून सही केली. सही करताना वरची ओळ वाचली: शेवटची नोंद संध्याकाळी साडेसातची, कार्यालयातल्या एका मोटारसायकलची. आणि आत, रजिस्टरपासून चाळीस पावलांवर, दिवे लागलेले, शटर अर्धं वर आणि त्याला पाठ लावून दहाचाकी गाडी उभी. फळीवरून हमाल कट्टे चढवत होते. शटरजवळच्या दोन सैल थप्प्यांपैकी एक संपलेली होती, दुसरी निम्मी.

वॉचमनला मी एवढंच विचारलं, "काका, ही गाडी लिहिली नाही?" तो म्हणाला, "मुनीमसाहेब म्हनले, घरचीच गाडी हाय, लिहायची गरज नाही." गाडी कंपनीची नव्हती, भाड्याची होती. पण तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसं सांगितलं गेलं होतं. कॅमेऱ्याचं विचारलं तर कळलं, दोन दिवसांपासून 'लाईनचा प्रॉब्लेम' होता. रेकॉर्डिंगच्या डब्याची वायर भिंतीतून काढून व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली होती.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं महत्त्वाची असतात. नवखा माणूस इथे "चोरी पकडली" म्हणून आवाज चढवतो. पण तोपर्यंत चोरी सिद्ध झालेली नसते. एका गोदामातून दुसऱ्यात माल नेणं हा गुन्हा नाही, रोजचं काम आहे. म्हणून मी मुनिमाला तीनच गोष्टी विचारल्या: माल कुणाचा, कुठे चालला, कोणत्या कागदावर. पहिल्याचं उत्तर आलं "आपलाच". दुसऱ्याचं आधी "गिऱ्हाइकाकडे" आणि मग "म्हणजे आपल्या धाकट्याकडे". तिसऱ्याचं काहीच आलं नाही. डिलिव्हरी चलन नव्हतं आणि जीएसटीखाली मालवाहतुकीला लागणारं ई-वे बिलही नव्हतं. एका गाडीत त्या वेळच्या साधारण 4,500 रुपये क्विंटल भावाने सात लाखांच्या वर माल होता. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीला ई-वे बिलाची मर्यादा एक लाखाची आहे आणि स्वतःच्याच दोन गोदामांमधल्या हलवाहलवीलाही ते लागतं. रीतसर हलवाहलव असती तर हा कागद संध्याकाळीच निघाला असता.

मग गोदामाच्या व्यवस्थापकाला फोन लावला. तो झोपेत असल्याचं भासवत म्हणाला, "साहेब, उद्या तुम्हाला मोजायला जागा मोकळी हवी म्हणून जरा माल हलवतोय." मी वाद घातला नाही. फक्त म्हणालो, "ठीक आहे, मग या घडीला दोन्ही गोदामांत पुस्तकाप्रमाणे किती कट्टे आहेत, तेवढं मला व्हॉट्सअॅपवर पाठवा." दहा मिनिटांत संदेश आला: मोठं 6,200, धाकटं 4,800. रजिस्टरचे आकडे त्याला तोंडपाठ होते आणि तेच त्याने पाठवले. माझ्या डोळ्यांसमोर मोठ्यातले अडीचशेवर कट्टे गाडीत चढलेले होते आणि तो लिहून देत होता की मोठ्यात 6,200 आहेत. "माल हलवत होतो" ही गोष्ट त्या संदेशाने संपली. खरंच हलवत असता तर एक आकडा कमी आणि दुसरा जास्त आला असता. माणसाला आधी स्वतःच्या आकड्यात बांधून घ्यावं आणि मगच विसंगती दाखवावी. उलट क्रमाने गेलात तर तो विसंगतीच्या मापाची गोष्ट शिवून देतो.

तिकडे सहकाऱ्याचा फोन आला: धाकट्यात एक गाडी रिकामी होते आहे आणि नव्या थप्पीतल्या कट्ट्यांवर शिलाईखाली माझी मेणखडूची खूण आहे. दुपारी मोठ्या गोदामात 6,200 मध्ये मोजलेले कट्टे रात्री एक वाजता धाकट्यात होते. सकाळी ते 4,800 मध्येही मोजले गेले असते.

ही युक्ती नवी नाही. 1963 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेयोन इथे सोयाबीन तेलाच्या टाक्यांवर असंच झालं होतं. तेलाच्या साठ्यावर मोठी कर्जं दिलेली होती. बऱ्याच टाक्यांमध्ये खाली पाणी आणि वर तेलाचा थर होता. शिवाय टाक्या नळांनी जोडलेल्या असल्यामुळे तपासनीस एका टाकीवरून दुसरीकडे जाईपर्यंत तेच तेल पुढे पोहोचायचं. आपल्याकडे नळाऐवजी टोळी आणि दहाचाकी, एवढाच फरक. मोजणारा एका वेळी एकाच जागी असतो, यावरच सगळा खेळ उभा आहे.

रात्री आम्ही काही जप्त केलं नाही, तो आपला अधिकारही नाही. गाडी आहे तिथे उभी ठेवायला सांगितली, तिच्यातले कट्टे मोजून मुनिमाची सही घेतली, गाड्यांचे नंबर आणि वेळेसह फोटो घेतले, दोन्ही शटरना आमची कुलपं लावून कागदी सील चिकटवलं आणि त्यावर त्यांच्या माणसांच्या सह्या घेतल्या. सकाळी कार्यालयातून आणखी माणसं मागवून दोन्ही गोदामं एकाच वेळी मोजली. गाडीतला माल धरून एकूण भरले 9,850 कट्टे. रजिस्टर 11,000 चं. तूट 1,150.

मागे जाऊन जुळवलं तेव्हा चित्र असं दिसलं. मोठ्यात खरे 5,600 होते आणि धाकट्यात 4,250. पहिल्या मोजणीच्या आदल्या रात्री धाकट्यातले 600 मोठ्यात आणून 6,200 केले होते. दुसऱ्या रात्री मोठ्यातून 1,150 नेऊन धाकटं 4,800 करायचं होतं. त्यातलं अर्ध्याहून थोडं जास्त काम झालेलं असताना आम्ही पोहोचलो.

बरेच जण इथे अहवाल लिहून मोकळे होतात: "1,150 कट्ट्यांची चोरी". मला तो अहवाल अर्धवट वाटतो, आणि या प्रकरणात तो चुकीचाही ठरला असता. रात्रीने फक्त तूट दाखवली, कारण दाखवलं नाही. कारण कागदातच होतं, फक्त आपण ज्या कागदांकडे बघत नाही त्यांत.

पहिला कागद बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या कट्ट्यांच्या रजिस्टरचा. या कंपनीत डिसेंबर-जानेवारीत सगळा माल चाळून नव्या कट्ट्यांत 50 किलोच्या भरतीने पुन्हा भरला होता. नव्या बारदान्याचा हिशोब वेगळ्या वहीत होता, कारण तो विकत घ्यावा लागतो आणि त्याचं बिल पास करायचं असतं. फाटके आणि परत आलेले वजा जाता वापरलेला बारदाना निघाला साधारण 10,400. माल 11,000 कट्टे असेल तर तो 10,400 कट्ट्यांत मावला कसा? साठ्याचं रजिस्टर लिहिणारा 11,000 लिहीत राहिला, बारदान्याची वही लिहिणारा खरं लिहीत राहिला. दोघं एकाच खोलीत बसत होते.

मग हे 600 कट्टे गेले कुठे? बहुतेक हवेत. खरेदीच्या काटा पावत्यांना ओलावा मोजलेल्या चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या. त्यांची सरासरी 14 टक्के निघाली, कारण त्या हंगामात काढणीच्या वेळी पाऊस झाला होता. जानेवारीत भरताना माल 10 टक्क्यांवर आलेला होता. शंभर किलो ओल्या मालात 86 किलो कोरडा भाग असतो. तोच 86 किलो 10 टक्के ओलाव्याच्या मालात 90 टक्के व्हायला हवा, म्हणजे एकूण वजन 86 भागिले 0.90, सुमारे 95.6 किलो. अनेक जण 14 मधून 10 वजा करून चार टक्के घट धरतात, खरी घट त्याहून जरा जास्त, 4.4 टक्के येते. 11,000 कट्ट्यांवर ती 489 कट्टे झाली. चाळणीत निघालेला काडीकचरा एक टक्का, म्हणजे 110. दोन्ही मिळून 599, आणि 11,000 मधून ते गेले की उरतात 10,401. बारदान्याच्या वहीने जवळपास हेच सांगितलं होतं.

कंपनीचा नियम मात्र असा होता की घट सगळी मिळून एक टक्का मान्य, त्यावरची व्यवस्थापकाच्या आणि गोदामपालाच्या पगारातून वळती. म्हणजे 110 कट्टे मान्य आणि 489 कट्ट्यांचे, जवळपास 11 लाख रुपये, दोन नोकरदारांच्या डोक्यावर, तेही पावसाळी हंगामात ओला माल खरेदी विभागाने घेतला म्हणून. त्यांनी जानेवारीत घट लिहिलीच नाही. लपवाछपवी तिथून सुरू झाली आणि तोपर्यंत एक दाणाही चोरीला गेलेला नव्हता.

चोरी नंतर झाली. 10,401 मधून मोजलेले 9,850 गेले की 551 कट्टे उरतात, आणि त्यांना ओलाव्याचं स्पष्टीकरण लागू पडत नव्हतं. सुकलेला, 50 किलोत भरलेला माल दोन-अडीच महिन्यांत आणखी पाच टक्के घटत नाही, आणि घटला तरी कट्ट्यांची संख्या कमी होत नाही. कट्टा हलका होतो, नाहीसा होत नाही. हा भेद लक्षात ठेवा: पुन्हा भरती झालेली नसेल तर ओलाव्याने वजन घटेल, पण नग घटणार नाहीत. कुणी "माल सुकला म्हणून कट्टे कमी भरले" म्हणालं, तर मधल्या काळात भरती झाली होती का, हे विचारायचं.

त्या 551 चा माग मुकादमाच्या वहीने दिला. सगळ्या गोदामांत मला सर्वांत भरवशाची वाटते ती हीच वही. टोळीची मजुरी नगावर असते आणि ती आठवड्याला आपसात वाटून घ्यायची असते. त्यामुळे कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीत, किती कट्टे भरले किंवा उतरवले, हे मुकादम लिहून ठेवतो. ती वही कंपनीसाठी नसते, टोळीतल्या माणसांसाठी असते, आणि तिच्यात खोटं लिहिलं तर त्याच्याच माणसांची मजुरी बुडते. मी त्याच्याशेजारी बसून चहा घेतला आणि म्हणालो, "मामा, तुमच्या टोळीची मजुरी बरोबर मिळाली का, तेवढं बघू." त्याने वही उघडली. फेब्रुवारीत दोन भराया अशा निघाल्या ज्यांचं कंपनीकडे ना बिल होतं ना जावक नोंद: एक 320 ची, एक 230 ची. एकूण 550. राहिलेला एक कट्टा कुठे गेला ते कळलं नाही आणि मी शोधलंही नाही.

या दोन्ही भरायांची मजुरी रोखीने, 'किरकोळ गोदाम खर्च' या नावाने टाकलेली होती. त्या दिवसांच्या सार्वजनिक धर्मकाट्याच्या पावत्यांच्या स्थळप्रती मागवल्या, गाडीनंबर जुळला, माल कुणाकडे उतरला तेही कळलं. साडेबारा लाखांच्या आत-बाहेरचा माल. व्यवस्थापकाने पुढे जे सांगितलं ते मला पटण्यासारखं वाटलं: आधी घट लपवली, मग लक्षात आलं की रजिस्टर आणि गोदाम यांचा संबंध तसाही तुटलेला आहे आणि मोजणीला एका रात्रीत माल हलवून जुळवता येतं. सहाशेची तूट झाकायला जेवढी मेहनत, जवळपास तेवढीच साडेअकराशेची झाकायला.

अहवालात मी हे तीन तुकडे वेगवेगळे लिहिले: नैसर्गिक घट जी वेळेवर नोंदवली नाही, विनाबिल गेलेला माल, आणि बँकेला दिलेलं चुकीचं साठापत्रक. शेवटच्या तुकड्याकडे लोक दुर्लक्ष करतात. 575 क्विंटल माल पत्रकात जास्त दाखवला होता. 25 टक्के मार्जिन धरलं तरी 19 लाखांच्या वर उचल अशा मालावर झाली होती जो नव्हताच. शिवाय एकूण तूट साठ्याच्या सुमारे 10.5 टक्के होती. कंपन्यांच्या लेखापरीक्षण अहवालासाठीच्या कारो 2020 या सरकारी आदेशाप्रमाणे एखाद्या वर्गाच्या साठ्यात 10 टक्के किंवा त्याहून जास्त तफावत निघाली, तर ती आणि तिची पुस्तकात दखल घेतली का, हे वैधानिक लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात सांगावं लागतं. म्हणजे हे प्रकरण कंपनीच्या चार भिंतींत मिटवण्याची सोय राहिली नव्हती. बँकेला सुधारित पत्रक गेलं, व्यवस्थापक आणि मुनीम गेले. गोदामपालाला ठेवलं. त्याने घट लपवायला साथ दिली होती, पण फेब्रुवारीच्या दोन्ही गाड्यांच्या वेळी तो रजेवर असल्याचं हजेरीवरून दिसत होतं. नियमही बदलला: सरसकट एक टक्क्याऐवजी खरेदीचा ओलावा आणि भरतीच्या वेळचा ओलावा यांवरून मान्य घट काढायची आणि ती भरती संपली की त्याच आठवड्यात पुस्तकात घ्यायची.

आता तुमच्या गोदामाबद्दल. लगेच रात्री जाऊ नका. आधी दिवसा, कुणाला कळू न देता, बारदान्याची वही, हमालीची व्हाउचर आणि किरकोळ खर्च मागवा आणि साठ्याच्या रजिस्टरशेजारी ठेवून बघा. आवक-जावक नसलेल्या दिवशी हमाली दिसली, तर रात्र कोणती निवडायची ते तुम्हाला कळेल. बहुधा ती मोजणीच्या आदली रात्र असेल, किंवा दोन मोजण्यांच्या मधली. काही सापडलं नाही तरी पुढची मोजणी सगळ्या गोदामांची एकाच वेळी ठेवा. माणसं पुरत नसतील तर एक गोदाम मोजून होईपर्यंत दुसऱ्याला सील लावा.

आणि एक काळजी घ्या. गोदामात किड्यांसाठी धुरी दिलेली असेल, थप्प्यांवर प्लॅस्टिकचं आवरण असेल किंवा दारावर धोक्याची पाटी असेल, तर कितीही शंका असली तरी आत पाऊल टाकू नका. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू जीव घेतो आणि वास येत नाही म्हणून वायू नाही, असं समजता येत नाही. मोजणीच्या नेमक्या दोन दिवस आधी धुरी देऊन अर्ध्या थप्प्या झाकून ठेवणारेही मी पाहिले आहेत. तिथे उपाय आत शिरणं हा नाही. गोळ्यांची खरेदी आणि वापर यांची नोंद बघा, धुरी देणाऱ्या परवानाधारक माणसाकडून तारीख लेखी घ्या, गोदामाला बाहेरून सील करा आणि आवरण काढून हवा खेळल्यावर, सुरक्षित असल्याचं त्याच्याकडून लिहून घेऊन मोजा. एवढ्या दिवसांत सील शाबूत राहिलं, तर मिळणारा आकडा खरा असेल.